अर्जातली एक ट्यूबलाईट

आमच्या घरात दोन एसी आले आणि महिनाभर भिंतीवर नुसते टांगून राहिले. येणारा-जाणारा वर बघायचा, खाली घामानं डबडबलेल्या आम्हांला बघायचा आणि विचारायचा, "बिघडले का?" मी सांगायची, "नाही, मंजुरी यायचीय." मग तो अण्णांकडे बघायचा आणि पुढचं विचारायचा नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले. त्यांचा कशावर विश्वास असेल तर तो अर्जावर. तोंडी बोललेलं त्यांच्या लेखी बोललेलंच नसतं. अर्ज करायचा, दोन प्रतींत करायचा, एक द्यायची आणि दुसरीवर शिक्क्यासकट पोच घ्यायची. मी सासर सोडून कायमची माहेरी आले तेव्हा आई रडली, शेजारच्या बायका हळहळल्या. अण्णांनी मला एकच विचारलं, "त्यांना लेखी दिलंस का?" तेव्हा राग आला होता. पुढे कोर्टात तो कागदच कामाला आला, म्हणून आता येत नाही.

एसी मी आणले. हौस म्हणून नव्हे. आईचं हृदय कमजोर झालंय, पाणी मोजून प्यायचं, मीठ जवळजवळ बंद. मागच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ती भर दुपारी कोसळली आणि नगरच्या दवाखान्यात आम्ही तिला कशीबशी परत मिळवली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की असा दुसरा उन्हाळा हिला झेपणार नाही, खोली गार ठेवा. मी एका कारखान्याच्या पगार विभागात काम करते, हप्ते परवडतात. दोन एवढ्यासाठी घेतले, की एकच आणला असता तर अण्णांनी तो आईला देऊन स्वतः बाहेरच्या खोलीत पंख्याखाली उकडत पडायचं व्रत घेतलं असतं. मला या वर्षी दोघंही हवे होते.

एसी बसवणारा भिंतीला भोकं पाडून गेला, गॅस तपासला, रिमोट आईच्या हातात दिला. तेवढ्यात अण्णा विजेचं बिल घेऊन आले. चष्मा कपाळावर चढवून, बिल डोळ्यांजवळ नेऊन वाचत होते.

"मंजूर भार अर्धा किलोवॅट हाय आपला," ते म्हणाले. "ह्यो एक एसीच दीडाच्या वर खातो. दोन म्हंजी किती झालं?"

"काका, नगरात कोण विचारतंय," एसीवाला हसला. "सगळ्यांकडं असंच चालतं. लावा बिनधास्त."

"सगळ्यांकडं चालतं म्हून आपल्याकडं चालवायचं?" अण्णांनी आईच्या हातातला रिमोट काढून घेतला, त्यातले सेल काढले आणि खिशात टाकले. "आधी मंजुरी. मग गारवा."

मी भांडले. आईच्या जिवावर बेतलंय आणि तुम्ही कागद घेऊन बसता, असं तोंडावर म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि ती जुनी गोष्ट पुन्हा सांगितली. ती मला पाठ आहे, तरी त्या दिवशी मी मध्ये बोलले नाही. अण्णा लहान असताना गावात दिवे आले, वस्तीत नाही. तारा वस्तीवरून जायच्या. कुणीतरी कधीतरी तारेवर चोरून आकडा टाकला असेल, नसेलही. पण गावात दिवे गेले की बोट वस्तीकडं. एकदा माझ्या आजोबांना चावडीसमोर उभं करून, आकडा तूच टाकलास ना, म्हणून सगळ्यांदेखत विचारलं गेलं. त्यांच्या घरात तेव्हा चिमणी होती, रॉकेलची. अण्णा नोकरीला लागल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल तर विजेचा अर्ज. वस्तीतलं पहिलं मीटर आमचं.

"आपल्या घरात वीज येईल ती पुढच्या दारानं," अण्णा म्हणाले. विषय संपला.

मग मीही कंबर कसली. माणूस हटत नसेल तर कागद हलवायचा. वाढीव भाराचा अर्ज मोबाईलवरून करता येतो. मी तो रात्रीचं जेवण व्हायच्या आत भरला. अण्णांना तो पसंत पडला नाही. मोबाईल शिक्का मारत नाही, हे त्यांचं म्हणणं. म्हणून दुसऱ्या दिवशी कागदावरही पत्र लिहायला बसलो. विषय: घरगुती जोडणीचा मंजूर भार वाढवून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करतो की. 'उपरोक्त' शब्दावर अण्णांचं फार प्रेम. तो आला नाही तर अर्ज पोचतच नाही, अशी त्यांची समजूत आहे.

अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा तपासणी अहवाल लागतो. घरात काय काय विजेवर चालतं आणि वायरिंग ते सोसतं का, हे त्यानं लिहून सही करायची. आमचा ठेकेदार अण्णांच्या ओळखीचा, बोलका माणूस. त्यानं मीटरजवळचा जुना फ्यूज काढायला सांगितला, अर्थिंगसाठी अंगणात खड्डा घ्यायला सांगितला, एसींना जाड वायर वेगळी ओढायला लावली. दिवे, पंखे, फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर, इस्त्री, दोन एसी असं सगळं लिहून बेरीज केली. सहा किलोवॅटच्या आतबाहेर. "सिंगल फेजमध्ये बसतंय," तो म्हणाला. "मीटर बदलतील, खांबावरून येणारी वायर जाड टाकतील. बास. अजून काही राहिलं का?"

"एक ट्यूबलाईट आन् एक पंखा," अण्णा म्हणाले. "विहारातला."

ठेकेदाराचं पेन थांबलं.

विहार आमच्या घराला लागून आहे, मध्ये फक्त बोळ. बांधला तेव्हा जागेच्या कागदात काहीतरी त्रुटी निघाली आणि विजेची जोडणी मिळाली नाही. अण्णांनी आमच्या छपरावरून तार नेली. दाराशेजारी विहाराचं बटण बसवलं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला अण्णा ते बटण दाबतात, विहारात ट्यूब लागते, बायका जमतात, आई वंदना सांगायची. आई खाटेला खिळल्यापासून ती खिडकीतून तो उजेड बघत इथूनच ओठ हलवते. आकडा नको म्हणून आयुष्यभर जपलेल्या माणसानं स्वतःच एक तार टाकली होती, आणि त्याला कधी त्यात वावगं दिसलं नव्हतं. मीटर माझं, बिल मी भरतो, मग चोरी कसली? हा त्यांचा हिशोब.

"काका, ते सोडा," ठेकेदार हळूच म्हणाला. "एका मीटरवरून दुसऱ्या जागेला लाईन देता येत नाही. लिहिलंत तर तुमचाच अर्ज अडकेल. पाहणीच्या दिवशी तार गुंडाळून ठेवा, मागनं जोडा."

"म्हंजी ती चालत न्हाई?" अण्णांनी विचारलं.

"नियमानं नाही."

अण्णांनी मान वर करून छपरावरच्या तारेकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "लिही."

मी पेन आपटलं. "नाही लिहिणार. आईला धाप लागतेय आत. तुमच्या सच्चेपणाची किंमत तिनं का द्यायची?"

"ग्राहक मी हाय," ते म्हणाले. "सही माझी हाय. दडवून मिळवली तर ती मंजुरी कसली, पोरी?"

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि पत्राच्या शेवटी स्वतःच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: सदर मीटरवरून शेजारील विहारात एक ट्यूबलाईट व एक पंखा चालतो, हे प्रामाणिकपणे नमूद करतो, योग्य ते मार्गदर्शन व्हावे.

शाखा कार्यालयात गर्दी होती. उन्हाळ्यात असतेच. कुणाची लाईट गेलेली, कुणाचं बिल फुगलेलं. सहायक अभियंता बाई होत्या, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी पत्र वाचायला घेतलं, वरचं भराभर वाचलं, शेवटच्या ओळीवर आल्या आणि परत पहिल्यापासून वाचलं.

"काका, हे लिहायची काय गरज होती?"

"तुमी बघायला येणारच. त्याच्या आधी सांगितल्यालं बरं."

बाई मान हलवत हसल्या, पण लगेच गंभीरही झाल्या. "आता हे लेखी आलंय, मला डोळेझाक करता येणार नाही. हा अनधिकृत वापर धरला जातो. ती तार काढा, विहाराला वेगळी जोडणी घ्या. जेवढं वापरलंय त्याची आकारणी होईल, ती भरा. मग तुमच्या भाराचं पुढे नेते."

"पोच द्या," अण्णा म्हणाले.

बाईंनी शिक्का मारून दिला. घरी येताना रिक्षात मी एक अक्षर बोलले नाही. बोलले असते तर रिक्षावाल्यालाही ऐकावं लागलं असतं.

तार काढायची, एवढंच काम. पण ते अण्णांच्याने होईना. पहिला दिवस शिडी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी पक्कड सापडली नाही, ती त्यांच्याच खिशात होती. तोवर गोष्ट वस्तीत पसरली. विहाराच्या कमिटीतले एक गृहस्थ पारावरून ओरडले, "घरात एसी लावायला विहारात अंधार करता व्हय?" अण्णा पक्कड शोधायला आत गेले. उत्तर मी दिलं. काय दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण ते गृहस्थ पुढे आठवडाभर आमच्या बोळातून गेले नाहीत.

ऊन चढत होतं. ओले पडदे लावले, पत्र्यावर पोती भिजवून टाकली. ती तासाभरात वाळून खडखडीत व्हायची. आई उशाला टेकून बसायची, आडवं झालं की तिला धाप लागायची. मी ऑफिसातून दिवसातून चारदा फोन करायची आणि अण्णा दर वेळी "बरी हाय" म्हणायचे. त्यांच्या आवाजावरून कळायचं की बरी नाही. एका दुपारी अर्धी रजा टाकून आले तर आईचे ओठ काळवंडलेले, अण्णा तिला वर्तमानपत्रानं वारा घालतायत, आणि भिंतीवर एसी तसाच. माझं डोकं फिरलं.

"सेल द्या," मी हात पुढे केला.

अण्णांनी खिशात हात घातला. खरंच घातला. सेल बाहेर काढले आणि माझ्या हातावर ठेवायला निघाले. मला वाटलं होतं मला आनंद होईल. पण त्यांना ते देताना बघून माझंच पाणी पाणी झालं.

"ठिवा ते," आई म्हणाली.

आम्ही दोघांनी वळून बघितलं. तिला एक वाक्य बोलायला दोनदा थांबावं लागत होतं. "सासऱ्याला चावडीम्होरं उभं केलं... ते म्या न्हाई बघितलं. ह्यांना उभं केल्यालं मला बघायचं न्हाई. चोरून गार न्हाई व्हायचं मला." मग श्वास घेऊन अण्णांना म्हणाली, "तुमी ती तार का काढंना?"

"अंधार व्हईल विहारात," अण्णा म्हणाले. "तुझी वंदना..."

"वंदनेला ट्यूब लागती व्हय? म्योनबत्ती तर रोज लावतोच की आपण. तुमच्या ट्यूबच्या आधी काय झोपून वंदना करत हुतो? काढा, आन् विहारालाबी अर्ज करा. इतकं अर्ज केलं जलमभर, ह्यो एकच र्‍हायला." आणि डोळे मिटून तिनं वर पुस्ती जोडली, "माझ्या नावानं करा. महिला मंडळाची अध्यक्ष म्याच हाय अजून. कुणी काढलं न्हाई मला."

अण्णा उठले. त्यांना शिडी लगेच मिळाली. मी खाली धरून उभी राहिले. छपरावर ऊन मी म्हणत होतं आणि ते सत्तरीपार माणूस पक्कड घेऊन तारेचे दोन्हीकडचे जोड सोडवत होतं, कापत नव्हतं. ती त्यांनी जपून गुंडाळली, खाली उतरल्यावर ओसरीत ठेवली आणि नळाखाली बराच वेळ तोंड धुतलं.

संध्याकाळी बायका आल्या. विहारात मेणबत्त्या लागल्या. खिडकीतून बघितलं तर मूर्तीचा चेहरा ट्यूबमध्ये दिसायचा त्याहून शांत दिसत होता, हे मला मान्य करावं लागलं. त्या दिवशी वंदना आईनं आपल्या खोलीतून सांगितली, जेवढा आवाज निघाला तेवढ्यात, आणि बाहेरच्या बायकांनी तिच्या थांबण्याबरोबर थांबत ती म्हटली.

पुढचं मी हातात घेतलं. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी शाखा कार्यालय, हा नेम केला. अभियंता बाई वायरमनला घेऊन आल्या, छप्पर बघितलं, सोडलेले जोड बघितले, तार वापरात नाही असं लिहून घेतलं. वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर आमचा वाढीव भार बसतो का ते तपासलं. बसत होता. ट्यूबलाईटची आकारणी आली, ती अण्णांनी भरली. वाढीव भाराचं कोटेशन आलं, ते मी भरलं. मग एक दिवस दोघं वायरमन आले, खांबावरून नवी जाड वायर ओढली, जुनं मीटर काढून नवं बसवलं. अण्णा त्यांच्या पाठीशी उभे राहून प्रत्येक स्क्रू बघत होते. ते गेल्यावर त्यांनी आईच्या रिमोटमध्ये सेल घातले. पण बटण दाबलं नाही, रिमोट आईच्या हातात दिला.

"दाब," म्हणाले. "मंजूर हाय."

आईनं दाबलं. पंख्याच्या घरघरीची सवय झालेल्या आम्हांला तो बारीक आवाज नवा होता. तिघंही वर बघत बसलो, जणू काही बाहेर पडणार आहे. हळूहळू खोली निवली. आई उशीवरून जराशी खाली घसरली, मग अजून जराशी. आडवी झाली. कितीतरी दिवसांत मी तिला सरळ आडवं झालेलं बघितलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासली, कारण रडायचं होतं आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं. परत आले तर ती म्हणाली, "गोधडी दे गं. गार लागतंय."

मे महिन्यात, नगरात, माझ्या आईनं गोधडी मागितली.

अण्णा तेव्हा टेबलाशी बसून दुसरा अर्ज लिहीत होते. विषय: विहारास नवीन वीजजोडणी मिळणेबाबत. जागेच्या जुन्या कागदाची त्रुटी तशीच होती, पण घरपट्टीची पावती विहाराच्या नावानं निघायची, आणि तिच्यावर काम भागेल असं बाईंनी आम्हांला सांगून ठेवलं होतं. महिला मंडळानं ठराव केला. कमिटीतले ते ओरडणारे गृहस्थ स्वतः सह्या गोळा करत फिरले. मी त्यांना चहा दिला, साखर कमी टाकून. अर्जदार म्हणून आईनं गोधडीतून हात बाहेर काढून सही केली. अण्णांनी ती वाळेपर्यंत कागद धरून ठेवला. पाऊस लागायच्या आत विहाराच्या भिंतीवर स्वतःचं मीटर बसलं. पहिलं बिल आईनं उशाशी ठेवलंय.

आता विहाराचं बटण विहारातच आहे. दिवेलागणीला बायकांतली जी पहिली येते ती दाबते. आमच्या दाराशेजारचं जुनं बटण मात्र कुणी काढलं नाही. त्याच्या मागे आता काही जोडलेलं नाही, ते अण्णांनीच सोडवलंय. तरी रोज अंधार पडू लागला की अण्णा उठतात, चष्मा सारखा करतात आणि जाऊन ते बटण दाबतात. सवय म्हणा. मी पहिल्या दिवशी सांगणारच होते की अण्णा, ते मेलेलं आहे.

पण आतून, गोधडी गळ्यापर्यंत ओढून खिडकीकडे तोंड करून पडलेली आई, माझ्या आधी बोलली.

"लागली हो ट्यूब," ती म्हणाली.

ती हे रोज म्हणते. कधी ट्यूब लागायच्या जरा आधीच म्हणते.